माझा, माझी, माझं: तिसरी-चौथीच्या मुलांसाठी घरच्या घरी व्याकरणाचे खेळ (पालकांसाठी सूचना आणि सरावपत्रक)

सोलापुरात एकाच बाकावर घरी तेलुगू बोलणारं, कन्नड बोलणारं, दख्खनी बोलणारं आणि मराठी बोलणारं मूल शेजारी शेजारी बसलेलं असतं. चौघांच्याही वहीत लाल शेरे असतात, पण चुका वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या कारणांनी होतात. पालक बहुतेक वेळा बाजारातून व्याकरणाचं पुस्तक आणतात आणि मुलाकडून "नामाचे प्रकार किती?" हे पाठ करून घेतात. मुलाला प्रकार पाठ होतात, पण वाक्य तसंच चुकीचं राहतं.

या पत्रकात एकाच गोष्टीवर काम केलं आहे, ती म्हणजे शब्दाचं लिंग. मराठीत शब्द 'तो' आहे, 'ती' आहे की 'ते' आहे हे कळलं की त्याच्या मागचं विशेषण, पुढचं क्रियापद, अनेकवचन आणि 'डब्यात', 'चादरीवर' यांसारखी रूपं एकामागोमाग जागेवर येतात. ते चुकलं की या सगळ्या ठिकाणी चुकतं. म्हणून मुलाच्या वहीत दहा चुका दिसल्या तरी मूळ चूक अनेकदा एक-दोनच असते.

एक उदाहरण बघू. तेलुगू बोलणाऱ्या घरातली तिसरीतली मुलगी असं म्हणते: "माझा चादर पाणीत पडला, ओला झाला. दोन चादर दोरीवर आहे." शिक्षकांच्या नजरेतून यात सहा चुका आहेत: माझा, पाणीत, पडला, ओला झाला, दोन चादर, आहे. पण माझा, पडला आणि ओला झाला ही एकच चूक तीनदा आली आहे: 'चादर' हा शब्द 'ती' आहे हे तिला माहीत नाही. 'दोन चादर' आणि 'आहे' ही अनेकवचनाची जोडी आहे. 'पाणीत' ही तिसरी. म्हणजे काम तीनच गोष्टींवर करायचं आहे. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

काय काय लागेल

- साडीच्या किंवा शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा, कापून २४ चिठ्ठ्या. साध्या कागदाच्या चिठ्ठ्या दोन दिवसांत चुरगळतात आणि मूल चुरगळीवरून चिठ्ठी ओळखायला लागतं.
- तीन रिकामे डबे किंवा वाट्या
- मूठभर भुईमुगाच्या शेंगा, गुण मोजायला आणि लपवायला
- एक जुनी वही आणि पेन्सिल
- मुलाचं मराठीचं बालभारतीचं पुस्तक
- दिवसाची १५ मिनिटं. यापेक्षा जास्त वेळ बसवू नका. खेळाचा अभ्यास झाला की मूल डबे बघून पळतं.

१. आधी दोन दिवस फक्त ऐका

मूल शाळेतून आलं की बोलतं, भांडतं, मागतं. त्यातली दहा मराठी वाक्यं जशीच्या तशी वहीत लिहून ठेवा. मध्ये बोलू नका, दुरुस्त करू नका. रात्री ती वाक्यं बघा आणि प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर लिहा: लिंगाची असेल तर 'लिं', अनेकवचनाची असेल तर 'व', आणि 'डबात', 'शाळामध्ये' अशी असेल तर 'रू'.

मूल घरी कोणती भाषा बोलतं त्यावर कोणतं अक्षर जास्त येईल याचा अंदाज येतो. तेलुगू आणि कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना 'तो' किंवा 'ती' नसतंच. माग, चादर, सूत या सगळ्यांना तेलुगूत 'अदि' आणि कन्नडमध्ये 'अदु'. त्यामुळे चादर बाईमाणसासारखी 'ती' का, हा प्रश्न त्या मुलाच्या दृष्टीने अगदी रास्त आहे. दख्खनी बोलणाऱ्या मुलाला 'तो' आणि 'ती' ओळखीचे असतात, पण तिसरं 'ते' नसतं. मग मराठीतले 'ते' शब्द बहुधा 'तो'मध्ये जातात: "घर मोठा आहे", "पाणी थंडा आहे". मराठी बोलणाऱ्या घरातलं मूल लिंगात सहसा अडखळत नाही. ते अडखळतं लिहिताना, म्हणजे पाचव्या पायरीवर.

एक गोष्ट चुकीत धरू नका. "मी जायलोय", "ती करायलीय" हे आपल्या भागातलं बोलणं आहे, ती व्याकरणाची चूक नाही. वहीत 'मी जात आहे' लिहायचं एवढंच मुलाला सांगा. बोलण्यावरून टोकलं तर ते मराठी बोलणंच कमी करतं, आणि मग तुम्हाला ऐकायलाही काही उरत नाही.

२. तीन डब्यांचा खेळ

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. हिला पूर्ण आठवडा द्या.

तीन डब्यांवर कागद चिकटवा: माझा, माझी, माझं. 'तो, ती, ते' लिहू नका. याचं कारण नीट समजून घ्या, कारण बहुतेक घरांत खेळ इथेच बिघडतो. मराठीत 'ते घर' म्हणजे एक घर, पण 'ते माग' म्हणजे अनेक माग. 'ती चादर' म्हणजे एक चादर, पण 'ती फुलं' म्हणजे अनेक फुलं. 'ते' आणि 'ती' दोन्ही दोन ठिकाणी येतात. मूल "ती फुलं" हे बरोबर ऐकतं आणि 'फूल' शब्द 'ती'च्या डब्यात टाकतं. चूक त्याची नसते, कसोटीची असते. 'माझं' मात्र एकाच एका वस्तूसाठी येतं, अनेक माग असतील तर 'माझे माग' होतं. म्हणून बोलण्यातला 'माझं' हा अनुस्वाराचा उच्चार इथे उपयोगी आहे. पुस्तकात तोच शब्द 'माझे' असा छापलेला असतो, हे मुलाला दुसऱ्या आठवड्यात सांगा.

पहिल्या दिवशी फक्त बारा चिठ्ठ्या घ्या. घरात दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या वस्तू असू द्या:

- माझा: डबा, टॉवेल, पलंग, माग
- माझी: चादर, खुर्ची, पिशवी, चटणी
- माझं: दप्तर, ताट, सूत, केळं

चिठ्ठ्या मिसळून उलट्या ठेवा. मूल एक उचलतं, वाचतं, "माझी चादर" असं पूर्ण म्हणतं आणि त्या डब्यात टाकतं. नुसता शब्द टाकला तर धरायचा नाही, दोन शब्द मिळून म्हणायलाच हवेत. बरोबर आलं की एक शेंग. चुकलं तर "चूक" म्हणू नका. तुम्ही "माझी चादर" म्हणा, मुलाला म्हणू द्या आणि ती चिठ्ठी ढिगाच्या खाली ठेवा. ती त्याच डावात परत येईल आणि तेव्हा शेंग मिळेल. दुसऱ्या दिवशी आधीच्या बारापैकी पक्क्या झालेल्या तीन चिठ्ठ्या काढा आणि नव्या तीन घाला. एकदम चोवीस चिठ्ठ्या काढल्या की मूल अंदाज लावू लागतं, आणि लागलेला अंदाज आठवणीत राहत नाही.

मूल विचारेल, "खुर्ची ती आणि टेबल ते, असं का?" याला कारण नाही, आणि तसंच सांगा. शब्द ज्या जोडीने येतो त्या जोडीनेच तो लक्षात ठेवायचा. प्राण्यांच्या नावांतही तसंच आहे: पाल 'ती', उंदीर 'तो', झुरळ 'ते', मग तो प्राणी नर असो की मादी. मुलांना हे तिन्ही एका दमात सांगितले की फार आवडतात, आणि लिंग शब्दाचं असतं, वस्तूचं नसतं, हे त्यांना यातूनच पटकन कळतं.

शेवटच्या अक्षरावरून थोडा अंदाज येतो, पण तो कितपत चालतो हे तुम्हाला माहीत हवं. शेवटी 'आ' असेल तर शब्द बहुधा 'माझा': डबा, फुगा, किल्ला. पण शाळा, भाषा, यात्रा, हवा हे 'माझी' आहेत. शेवटी 'ई' असेल तर बहुधा 'माझी', पण पाणी, दही, लोणी 'माझं'. शेवटी 'अ' असेल तर काहीच कळत नाही: माग, चादर आणि सूत तिन्ही तसेच संपतात आणि तिन्ही वेगळ्या डब्यांत जातात. म्हणून नियम आधी सांगू नका. पंचवीस-तीस शब्द झाल्यावर मूल आपणहून "आ आला की माझा ना?" असं विचारतं. तेव्हा "बहुतेक वेळा" म्हणा आणि 'शाळा'ची चिठ्ठी हातात द्या.

घरात मराठी पक्की येत नसेल तर बरोबर उत्तर कुठून आणायचं? शब्दकोशात शब्दापुढे पु., स्त्री. किंवा न. लिहिलेलं असतं. तो नसेल तर मराठीच्या पुस्तकात तो शब्द शोधा आणि त्याच्या मागचं विशेषण किंवा पुढचं क्रियापद बघा. 'मोठी भिंत' दिसलं तर भिंत 'माझी'. शब्द सापडला नाही तर चिठ्ठी बाजूला ठेवा आणि मुलाकडून बाईंना किंवा सरांना विचारून आणा. अंदाजाने डब्यात टाकू नका, कारण चुकीची जोडी एकदा बसली की ती मोडायला नव्या जोडीपेक्षा जास्त दिवस लागतात.

वेळ, बाग, मजा, ढेकर अशा काही शब्दांना दोन लिंगं चालतात. ते या आठवड्यात घेऊच नका.

३. शब्दाच्या मागे-पुढे काय बदलतं

आता त्याच चिठ्ठ्या वापरून वाक्य लांबवायचं. तुम्ही चिठ्ठी दाखवता, मूल जोडी म्हणतं, मग तुम्ही एक विशेषण देता आणि मूल ते बसवतं. शेवटी काय झालं ते सांगायचं.

माझा टॉवेल. माझा जुना टॉवेल. माझा जुना टॉवेल फाटला.
माझी चादर. माझी जुनी चादर. माझी जुनी चादर फाटली.
माझं दप्तर. माझं जुनं दप्तर. माझं जुनं दप्तर फाटलं.

तीन ओळी एकाखाली एक लिहून भिंतीवर लावा. मुलाला डोळ्यांनी दिसतं की आ-आ-आ, ई-ई-ई, अं-अं-अं असं एकाच रंगाचं सूत मागापासून शेवटापर्यंत चाललं आहे. ज्या घरात चादरीचं किंवा टॉवेलचं काम चालतं तिथे मुलांना ही उपमा सांगावी लागत नाही, ती स्वतःच म्हणतात.

इथला सापळा विशेषणाचा आहे. लाल, गोड, गरम, स्वच्छ ही विशेषणं बदलतच नाहीत. 'लाल टॉवेल, लाल चादर, लाल दप्तर' यात मुलाला लिंग कळलं की नाही हे तुम्हाला समजणारच नाही. म्हणून 'आ'ने संपणारी विशेषणंच द्या: जुना, मोठा, पांढरा, निळा, ओला, कोरडा. मूल सगळी वाक्यं बरोबर बोलतंय असं वाटलं तर आधी तपासा की ते 'छान' आणि 'मस्त' यांच्यावरच तर भागवत नाही ना. आमच्या मते ही या वयातली सगळ्यात हुशार पळवाट आहे, आणि मूल ती मुद्दाम करत नाही.

आजोबा आले, बाई आल्या, सर आले ही वाक्यं या खेळात आणू नका. माणूस एक असला तरी मानाने अनेकवचनाचं रूप येतं आणि मूल गोंधळतं. ती वेगळ्या दिवशी, बोलता बोलता सांगा.

४. एक आणि अनेक

स्वयंपाकघरात भाकऱ्या मोजताना, शेंगा निवडताना, कपडे वाळत घालताना हा खेळ होतो. त्यासाठी वेगळं बसायची गरज नाही. तुम्ही एक वस्तू उचलून "एक वाटी" म्हणायचं, मुलाने दोन उचलून "दोन वाट्या" म्हणायचं. तेलुगूत बहुतेक शब्दांना अनेकवचनात शेवटी 'लु' लागतो, त्यामुळे मूल मराठीतही एकच शेपूट शोधत असतं. मराठीत शेपूट लिंगावर ठरतं, म्हणून दुसरी पायरी आधी.

माझा: 'आ'चा 'ए' होतो. डबा-डबे, फुगा-फुगे. बाकीचे बदलत नाहीत: एक माग, दोन माग, एक लाडू, दोन लाडू. मामा, काका, दादा हेही बदलत नाहीत.

माझं: ताट-ताटं, दप्तर-दप्तरं, केळं-केळी, पातेलं-पातेली, लिंबू-लिंबं, पाखरू-पाखरं. पुस्तकात ताटे, लिंबे, पाखरे असं लिहिलेलं असतं.

माझी: 'ई'ने संपणारे बहुतेक शब्द 'या' घेतात: वाटी-वाट्या, पिशवी-पिशव्या. शाळा, यात्रा बदलत नाहीत. राहिले 'अ'ने संपणारे, आणि खरी मेहनत त्यांच्यावर लागते. त्यांचे दोन गट आहेत. शेंग-शेंगा, वीट-विटा, चिंच-चिंचा, चप्पल-चपला हा एक. चादर-चादरी, भिंत-भिंती, गोष्ट-गोष्टी, सहल-सहली हा दुसरा. कोणता शब्द कुठे जाईल याचा नियम मुलाला सांगण्यासारखा सोपा नाही, म्हणून दोन्ही गटांच्या चिठ्ठ्या वेगळ्या करून रोज चार-चार म्हणायच्या. हे पाठ केलेलं पुढच्या पायरीत दुप्पट उपयोगी पडतं.

भाकरीबद्दल घरात वाद होतो, तो मिटवून टाकू. तुमच्या घरात एकीला 'भाकर' म्हणत असतील तर अनेक 'भाकरी'. एकीला 'भाकरी' म्हणत असतील तर अनेक 'भाकऱ्या'. दोन्ही बरोबर. मुलाने "दोन भाकरी" म्हटलं तर आधी एकीला ते काय म्हणतं ते विचारा.

५. शेंग कुठे लपली?

शब्दाला त, ला, ने, वर, खाली असं काही जोडायचं झालं की शब्द आधी थोडा बदलतो. शाळेत याला सामान्यरूप म्हणतात. मुलाला हे नाव नंतर कळलं तरी चालेल.

मूल डोळे मिटतं, तुम्ही एक शेंग लपवता. मूल जागेवरून न उठता विचारतं: "डब्यात आहे?" "चादरीखाली आहे?" "खुर्चीवर आहे?" रूप बरोबर असेल तर नुसतं हो किंवा नाही असं उत्तर द्यायचं. "डबात आहे?" असं विचारलं तर तुम्ही "डब्यात? नाही" असं म्हणायचं, म्हणजे बरोबर रूप कानावर पडतं आणि खेळही थांबत नाही. सात प्रश्नांत शेंग सापडली तर ती मुलाची. नंतर अदलाबदल करा. मूल लपवेल, तुम्ही विचारा आणि मुद्दाम एकदा "पाणीत आहे?" असं चुका. मुलाने पकडलं तर दोन शेंगा.

बदल असे होतात. डबा-डब्यात, पाळणा-पाळण्यात. पलंग-पलंगाखाली, ताट-ताटात. केळं-केळ्यात, पातेलं-पातेल्यात. पाणी-पाण्यात, दही-दह्यात. शाळा-शाळेत, यात्रा-यात्रेत. पिशवी-पिशवीत, खुर्चीवर, यांत बदल नाही.

आणि आता मागच्या पायरीचं फळ. 'अ'ने संपणाऱ्या 'माझी'च्या शब्दांत, अनेकवचन 'आ' झालं असेल तर इथे साधारणपणे 'ए' येतो: शेंगा म्हणून शेंगेत, विटा म्हणून विटेवर, चिंचा म्हणून चिंचेत. अनेकवचन 'ई' झालं असेल तर इथेही 'ई': चादरी म्हणून चादरीवर, भिंती म्हणून भिंतीवर, गोष्टी म्हणून गोष्टीत. मूल 'चादरेवर' म्हणालं तर नियम सांगू नका, फक्त विचारा: "दोन असल्या तर काय म्हणतोस?" ते "चादरी" म्हणेल आणि स्वतःच "चादरीवर" करेल. एखाद-दुसरा शब्द हे पाळत नाही, तो तसाच लक्षात ठेवायचा.

लिहिताना दोन गोष्टी चुकतात, मराठी घरातल्या मुलांच्याही. पहिली: वीट, फूल, सूत, मूल यांतला दीर्घ ई किंवा ऊ रूप बदलताच ऱ्हस्व होतो. विटेवर, फुलाला, सुताचा, मुलाला. आपल्या गावाच्या नावातही तेच होतं: सोलापूर, पण सोलापुरात. 'सोलापूरला' म्हणताना मात्र मूळ शब्द बदलत नाही, म्हणून तिथे दीर्घच. दुसरी: अनेक वस्तू असतील तर जोडण्याआधी अनुस्वार येतो. डब्यात म्हणजे एका डब्यात, डब्यांत म्हणजे अनेक डब्यांत. विटेवर आणि विटांवर. बोलताना तो ऐकू येत नाही, म्हणून वहीत राहून जातो.

६. कधी दुरुस्त करायचं, कधी नाही

मूल काही सांगत असताना मध्ये थांबवू नका. ते म्हणालं, "माझा चादर पडला", तर तुम्ही "हो का? चादर पडली? कुठे पडली?" असं विचारा. बरोबर रूप दोनदा कानावर गेलं आणि सांगणं तुटलं नाही. "नीट बोल" असं म्हटलं की मूल चादरीची गोष्टच सांगायची सोडून देतं.

घरची भाषा बंद करून फक्त मराठी बोलायची, असा निर्णय घेऊ नका. उलट तिचाच उपयोग करा. "अम्मा, तेलुगूत चादरीला अदि, मराठीत ती" असं मूलच तुम्हाला शिकवायला लागलं की फरक त्याच्या डोक्यात बसलेला असतो.

पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग हे शब्द परीक्षेत येतात. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी डब्यांवरच्या कागदाखाली लिहून टाका: माझा म्हणजे पुल्लिंग, माझी म्हणजे स्त्रीलिंग, माझं म्हणजे नपुंसकलिंग. दहा मिनिटांचं काम आहे.

सरावपत्रक

पहिला आठवडा. मोठ्याने म्हणा, मग लिहा: माझा, माझी की माझं?
१) ___ फुगा  २) ___ भिंत  ३) ___ कपाट  ४) ___ शाळा  ५) ___ टॉवेल  ६) ___ पातेलं  ७) ___ वीट  ८) ___ पाणी

दुसरा आठवडा. कंसातला शब्द बदलून बसवा.
१) (पांढरा) चादर (वाळला).  २) (मोठा) किल्ला (दिसला).  ३) (निळा) दप्तर (हरवला).  ४) (ओला) भिंत (पडला).

तिसरा आठवडा. एक दिलं आहे, अनेक लिहा.
१) शेंग  २) चादर  ३) डबा  ४) केळं  ५) पिशवी  ६) लाडू  ७) लिंबू  ८) शाळा

चौथा आठवडा. ही गड्ड्याच्या यात्रेची गोष्ट आहे. कंसातल्या शब्दाचं रूप बदला आणि पुढचं अक्षर जोडा. संक्रांतीच्या दिवसांत प्रत्यक्ष फिरताना तोंडी केलं तर कागद लागतही नाही.
आम्ही (यात्रा + त) गेलो. (गड्डा + वर) खूप गर्दी होती. मी (पाळणा + त) बसलो. (तलाव + च्या) (पाणी + त) मासे दिसले. (किल्ला + ची) भिंत उंच होती. (भिंत + वर) एक पाखरू बसलं होतं. आईने (पिशवी + तून) शेंगा काढल्या. मी एका (शेंग + त) तीन दाणे मोजले.

उत्तरं (हा भाग कापून तुमच्याजवळ ठेवा)
पहिला: माझा, माझी, माझं, माझी, माझा, माझं, माझी, माझं.
दुसरा: पांढरी चादर वाळली, मोठा किल्ला दिसला, निळं दप्तर हरवलं, ओली भिंत पडली.
तिसरा: शेंगा, चादरी, डबे, केळी, पिशव्या, लाडू, लिंबं, शाळा.
चौथा: यात्रेत, गड्ड्यावर, पाळण्यात, तलावाच्या, पाण्यात, किल्ल्याची, भिंतीवर, पिशवीतून, शेंगेत.

जमलं की नाही हे कसं ओळखायचं

पत्रकातले शब्द बरोबर आले म्हणजे ते पाठ झाले, एवढंच कळतं. चौथ्या आठवड्यानंतर पुन्हा दोन दिवस पहिल्या पायरीसारखी दहा वाक्यं ऐकून लिहा आणि 'लिं', 'व', 'रू' मोजा. मूल एखादं वाक्य अर्ध्यात थांबवून स्वतः सुधारत असेल, "माझा चाद... माझी चादर" असं, तर ती चूक धरू नका. तिथेच काम झालेलं असतं. एकही 'लिं' कमी झाला नसेल तर तिसऱ्या-चौथ्या पायरीवर जाऊ नका, डब्यांकडे परत या आणि शब्द बारावरून आठवर आणा.

मूल घरच्या भाषेतही वाक्य जुळवताना अडखळत असेल, किंवा चिठ्ठीवरचा दोन-तीन अक्षरांचा शब्द वाचतानाच थकत असेल, तर अडचण व्याकरणाची नाही. खेळ तोंडी चालू ठेवा, चिठ्ठ्यांऐवजी प्रत्यक्ष वस्तू उचला, आणि वर्गशिक्षकांना ते वेगळं, स्पष्ट सांगा.